वडाळा ते दादर प्लाझा, बस आणि पायी: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

आधी पार्श्वभूमी. मी कराडची. गेल्या जूनमध्ये बी.कॉम.च्या पहिल्या वर्षासाठी मुंबईत आले. हॉस्टेल वडाळा पश्चिमेला, विठ्ठल मंदिरापासून चालत सहा मिनिटांवर. सीए फाउंडेशनचा क्लास दादर पश्चिमेला, प्लाझा सिनेमाच्या मागच्या गल्लीत. कॉलेज हॉस्टेलजवळच आहे, त्यामुळे खरा प्रवास एकच: दुपारी चारला निघून पाचच्या लेक्चरला पोचायचं आणि रात्री आठनंतर परत यायचं.

पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात, की लोकलने का जात नाहीस? कारण वडाळा रोड हार्बरवर आहे आणि हार्बरची गाडी दादरला जातच नाही. एक फाटा किंग्ज सर्कल, माहीमवरून वांद्र्याकडे वळतो, दुसरा गुरू तेग बहादूर नगरवरून कुर्ल्याला. नकाशात दादर हाताच्या अंतरावर दिसतं, पण ट्रेनने जायचं तर वळसा घालून गाडी बदलावी लागते. म्हणून बस, आणि शेवटचा तुकडा पायी.

ज्यांना नुसता निकाल हवाय त्यांच्यासाठी: पाचपैकी साडेतीन. पहिल्या आठवड्यात सव्वा तास लागायचा, आता पंचेचाळीस ते पन्नास मिनिटं. बस तीच आहे. मी कुठे चढते आणि कुठे उतरते, ते बदललं.

सुरुवातीला मी अशी बस शोधायचे जी टिळक पूल ओलांडून थेट दादर पश्चिमेला, म्हणजे वीर कोतवाल उद्यानापाशी सोडेल. (पाटीवर वीर कोतवाल उद्यान, बोलताना प्लाझा. मास्तरांना दोन्ही कळतं, पण नवख्या माणसाला ही एकच जागा आहे हे कोण सांगणार?) चालायला नको, दप्तर जड, डोक्यावर पाऊस, असा माझा हिशेब. ऑगस्टमध्ये वैतागून वहीच्या मागच्या पानावर तीन रकाने आखले: थांब्यावर किती मिनिटं, बसमध्ये किती, पायी किती. दोन आठवडे रोज लिहिलं आणि दुखणं कुठे आहे ते दिसलं. वडाळ्याहून दादर टीटीपर्यंत, म्हणजे खोदादाद सर्कलपर्यंत, बसला बारा ते अठरा मिनिटं लागत. पुढे पुलाच्या तोंडाशी सिग्नल आणि पुलावरची रांग मिळून कधी आठ मिनिटं जायची, तर कधी पंचवीस. वर थेट पलीकडे जाणाऱ्या बस कमी, म्हणून थांब्यावरचा रकानाही फुगलेला. आणि टीटीपासून प्लाझापर्यंत पायी? बारा मिनिटं. पाऊस असला तर चौदा.

तेव्हापासून टीटीला जाणारी जी पहिली बस येईल ती पकडायची, टीटीला उतरायचं आणि पूल चालत ओलांडायचा, हे ठरून गेलं. पहिल्याच दिवशी मी ज्या बसमधून उतरले ती पुलाच्या चढावर अडकली होती. मी तिच्या खिडक्यांच्या बाजूने चालत पुढे गेले, ती मागेच राहिली. आतून एक काका माझ्याकडे जरा हेव्याने बघत होते असं मला वाटलं. माझा भासही असेल.

टिळक पुलाबद्दल थोडं. १९२५चा पूल, म्हणजे शंभरी गाठलेला. शेजारी नव्या पुलाचं काम चालू आहे, त्यामुळे पत्रे आणि क्रेन यांची सवय करून घ्यावी लागते. फुटपाथ अरुंद आहे. छत्री उघडली की समोरच्याची आणि आपली छत्री भिडते, मग एकाने ती वर उचलायची आणि दुसऱ्याने वाकून जायचं, हा न शिकवता येणारा रिवाज आहे. खाली एका बाजूला मध्य रेल्वेचे रूळ, दुसऱ्या बाजूला पश्चिमेचे. पश्चिमेच्या टोकाला फुलबाजाराचा वास वर येतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूच्या पोत्यांनी खालचा रस्ता पिवळा दिसत होता आणि मला बारा मिनिटांच्या जागी सत्तावीस लागली. सणाच्या आदल्या दिवशी वीस मिनिटं आधी निघा, एवढंच.

आता थांब्याची गोष्ट, कारण माझा सर्वात जास्त वेळ तिथे वाया गेला. टीटी हा चौक आहे आणि त्याच्या प्रत्येक फाट्यावर थांबे आहेत. लोक सगळ्यांनाच 'दादर टीटी' म्हणतात. जाताना जिथे उतरले त्याच्या बरोब्बर समोर परतीचा थांबा असणार, असं कराडच्या हिशेबाने मी धरून चालले होते. पहिल्या रात्री तिथे पंचवीस मिनिटं उभी राहिले. बस येत होत्या, जात होत्या, वडाळ्याची एकही नाही. शेवटी शेजारच्या आजींनी विचारलं, "कुठं जायचंय गं?" वडाळा म्हटल्यावर त्यांनी चौकाच्या पलीकडे बोट दाखवलं. "अगं, ह्या सगळ्या सायनकडच्या. ते झाड दिसतंय ना, त्याच्याखाली जा."

त्या रात्रीपासून थांबा नावाने लक्षात ठेवत नाही. आधी खांबावरची पाटी वाचते. तिथे त्या थांब्यावर येणाऱ्या बसचे नंबर लिहिलेले असतात. आपला नंबर नसेल तर थांबा कितीही ओळखीचा वाटो, पुढे चालायचं. मग शेजारचं एखादं दुकान किंवा झाड मनात धरायचं. बसचे नंबर इथे मुद्दाम देत नाही, मार्ग बदलत असतात आणि जुना नंबर धरून कोणी ताटकळलं तर शिव्या मला बसतील.

नंबरवरून आठवलं. बेस्टच्या बसवर समोर नंबर मराठी आकड्यांत असतो आणि दाराजवळच्या पाटीवर इंग्रजीत. दिव्यांच्या पाट्यांवर दोन्ही आलटून पालटून येतात. मला त्याचं काही वाटलं नाही, पण माझी रूममेट केरळची. तिला इंग्रजी नंबर दिसेपर्यंत बसचं दार तिच्यासमोरून पुढे गेलेलं असायचं. मी तिला कागदावर १ ते ९ लिहून दिले. आठवड्याभरात जमलं, फक्त १ आणि ९ मध्ये ती अजून फसते. खरं सांगायचं तर संध्याकाळी समोरून उजेड आला की मीही फसते.

भाडं: ९ मे २०२५ पासून पाच किलोमीटरपर्यंत साध्या बसला १० रुपये आणि एसीला १२. त्याआधी ५ आणि ६ होते, आणि हॉस्टेलमधल्या सिनियर मुली तो काळ पेशवाईबद्दल बोलावं तसा सांगतात. वडाळा ते टीटी पाच किलोमीटरच्या आतच आहे, म्हणजे साध्या बसने जाऊन-येऊन २० रुपये. महिन्याला क्लासचे चोवीस दिवस धरले तर ४८०. सुट्टे ठेवा. मास्तर पाचशेची नोट बघून काही बोलत नाहीत, नुसते बघतात.

मोबाइलवर बस कुठे आहे ते दाखवणारं ॲप मी वापरते, पण डोळे मिटून नाही. "तीन मिनिटांत येईल" असं दाखवून ते कधीकधी दहा मिनिटं तीनवरच असतं. माझी युक्ती साधी: एकदा बघायचं, मिनिटभराने पुन्हा बघायचं. नकाशावरचं चिन्ह हललं असेल तर बस खरी. नसेल हललं तर ती वेळ धरायची नाही.

आणखी एक गोष्ट वहीतून कळली. वीस मिनिटं काही नाही आणि मग दोन बस पाठोपाठ, हे वारंवार होतं. पहिली उशिरा आली की तिच्यासाठी प्रत्येक थांब्यावर जास्त माणसं साचलेली असतात, चढायला-उतरायला वेळ लागतो, ती आणखी मागे पडते आणि मागची रिकामी बस तिला गाठते. म्हणून पहिली खचाखच असेल आणि मागे दुसरी डोळ्यांना दिसत असेल, तर पहिली सोडते. डोळ्यांना दिसत असेल तरच. ॲपवर दिसते म्हणून एकदा सोडली आणि लेक्चरचा अर्धा तास गेला.

आता माझी फजिती. ६ जुलै, आषाढी एकादशी, रविवार. दहाला टेस्ट होती. आमच्या घरात वारीची परंपरा, आजोबा दरवर्षी जायचे, आणि मला हे सुचलं नाही की वडाळ्याच्या विठ्ठल मंदिराला प्रतिपंढरपूर म्हणतात ते उगाच नाही! नऊला थांब्यावर पोचले तर कात्रक रोडवर बॅरिकेड, दर्शनाची रांग, तुळशीच्या माळा, खेळण्यांच्या गाड्या. बसचा पत्ता नाही. तरी मी उभीच, कारण थांबा हाच होता ना! सव्वानऊ वाजून गेल्यावर बंदोबस्तावरचे एक हवालदार म्हणाले, "ताई, आज इथून बस नाही, वळवल्यात."

कुठे वळवल्यात हे शोधत बसण्यापेक्षा चालत जाऊ म्हटलं. फाइव्ह गार्डन्समधून टीटी मला पाऊण तासाच्या आत जमायला हवं होतं. पण त्या पाच बागा आणि त्यांच्या मधून फुटणारे रस्ते नवख्या माणसाला अगदी एकासारखे एक. तीच मोठी झाडं, त्याच जुन्या पारशी इमारती, रविवारची शांतता. मी चुकीचा रस्ता धरला आणि निघाले कुठे, तर रुईया कॉलेजपाशी. म्हणजे माटुंग्याला. तिथून आंबेडकर रोडला येऊन दक्षिणेकडे चालत टीटी, मग पूल. दहा वाजून तीस मिनिटांनी वर्गात शिरले. बत्तीस मार्कांचे प्रश्न सोडवायचे राहिले.

नंतर एका मोकळ्या रविवारी तोच रस्ता मुद्दाम पुन्हा चालले, दोनदा. विठ्ठल मंदिरापासून टीटीपर्यंत न चुकता पंचवीस मिनिटं लागतात. बस नसेल त्या दिवशी हा आपला राखीव रस्ता. फक्त वाटेत विचारताना "दादर स्टेशन" विचारू नका, प्रत्येक जण वेगळा शॉर्टकट सांगतो. "टीटी" विचारा.

दीड गुण कशाचे कापले? पावसाचे. जोराचा पाऊस आणि भरती एकत्र आली की हिंदमाताला पाणी भरतं, आणि त्याचा ताण मागे टीटीपर्यंत येतो. पावसाळ्यात चार दिवस असे आले की माझी पंचेचाळीस मिनिटांची सगळी हुशारी पाण्यात गेली. त्या दिवशी मी टीटीच्या दोन थांबे आधीच उतरते. चप्पल हातात नाही, पायातच ठेवते, आणि रस्त्याच्या मधोमध लोक जिथून चालतात तिथूनच चालते. कडेला झाकणं उघडी असू शकतात.

परवा हॉस्टेलला नवी मुलगी आली, लातूरची. तिचाही क्लास प्लाझालाच. तिने विचारलं, थेट जाणारी बस कुठली? मी तिला वहीचं मागचं पान दाखवलं. तिने ते नीट वाचलं आणि म्हणाली, "पण ताई, मी थेट बसनेच जाईन. चालायला नको." मी बरं म्हटलं आणि परतीच्या थांब्याजवळचं झाड तेवढं सांगून ठेवलं.