साल मथळ्यात लिहायचं की वाक्यात?

तीन काळांत उड्या मारणारी कादंबरी लिहायला घेतली की हा प्रश्न फार दिवस लांबवता येत नाही. प्रकरणाच्या डोक्यावर ‘1982’, ‘1997’, ‘2018’ असे आकडे छापायचे, की आकडा न देता पहिल्या दोन-तीन वाक्यांतच काळ ओळखू येईल असं लिहायचं? मी एकाच हस्तलिखितावर दोन्ही करून पाहिलं आहे. आधी आकडे टाकले, नंतर जवळजवळ सगळे काढले. त्यामुळे माझा कल कुठे आहे हे लपणार नाही, पण आकड्यांची बाजूही कच्ची नाही.

माझं कथानक मुंबईच्या गिरणगावातलं. सुधा ही मुलगी गिरणी संपाच्या वेळी नऊ वर्षांची, संपाचे नेते दत्ता सामंत यांचा खून झाला तेव्हा चोवीस, आणि एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं प्रभादेवी झालं तेव्हा पंचेचाळीस. तिचे वडील, नाना, गिरणीत जॉबर. ते 1991 मध्ये जातात. प्रकरणं बावीस.

आकडे टाकण्याचा मोठा फायदा लिहिणाऱ्यालाच होतो. सातवं प्रकरण उचलून सतराव्या जागी नेलं तरी काही बिघडत नाही, कारण पाटी सोबत जाते. वाचकालाही एका नजरेत कळतं की उडी झाली. निदान मला तसं वाटत होतं.

मग मी पहिला खर्डा माझ्या मावसबहिणीला वाचायला दिला. तिने समासात पेन्सिलीने शंका लिहून परत केला. चौदाव्या प्रकरणाच्या पहिल्या पानावर, ठळक ‘1997’च्या बरोबर खाली, तिने लिहिलं होतं: ‘नाना अजून आहेत का?’ मी जरा चिडूनच म्हटलं, अगं वर साल दिलंय की. ती म्हणाली, ‘दिलंयस रे, वाचलंही मी. पण नाना कोणत्या साली गेले ते मी कुठे पाठ करू?’

माझ्यापुरता निकाल तिथेच लागला. आकडा वाचकाला तारीख देतो, पण वाचकाला हवी असते परिस्थिती. कोण हयात आहे, कोणाचं लग्न झालंय, भाऊ घर सोडून गेला की नाही. ते काढायला त्याला प्रत्येक प्रकरणाच्या तोंडाशी वजाबाकी करावी लागते. सत्त्याण्णवातून ब्याऐंशी गेले पंधरा, नऊ आणि पंधरा चोवीस, म्हणजे सुधा चोवीस वर्षांची, आणि नाना... थांबा, मागे बघतो. ही मागे पानं उलटणारी बोटं मला नको होती. बहिणीच्या समासात अशा शंका सात ठिकाणी होत्या, आणि सातही पाट्यांच्या खालीच.

दुसऱ्या खर्ड्यात मी चाळीतली माणसं बोलतात तशी मोजणी धरली. गिरणगावात कुणी ‘ब्याऐंशी साली’ म्हणून सुरुवात करत नाही. ‘संपाच्या आधी’, ‘संपात’, ‘संपानंतर’ असंच म्हणतात. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेला तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, त्यामुळे ‘संपानंतर’ कुठून सुरू होतं यावरही लोक वाद घालतील, पण मोजायला खांब म्हणून तो पक्का आहे. तेव्हा पहिलं प्रकरण संपातच ठेवलं, नानांचं जाणं हा दुसरा खांब केला, आणि प्रत्येक उडी या दोहोंपैकी एकाला दोर बांधून मारली.

चौदावं प्रकरण आधी असं सुरू होत होतं: ‘सुधा खिडकीत उभी होती. हातातला चहा गार झाला होता.’ हे कुठल्याही सालचं असू शकतं, आणि सगळा भार वरच्या पाटीवर. आता ते असं आहे: ‘नाना जाऊन सहा वर्षं होत आली, तरी चहा टाकताना सुधा पाणी तिघांचंच घ्यायची.’ नाना नाहीत, घरात आता दोघंच आहेत, सुधा स्वयंपाकघर सांभाळण्याइतकी मोठी झाली आहे, हे सगळं एका वाक्यात आलं. साल कुणाला हवं असेल तर तेही निघतं, पण कुणाला हवंसं वाटलं नाही.

यात मराठीच्या दोन गोष्टी सांभाळाव्या लागल्या. पहिली ‘होता-होती’ची. मागे उडी मारताना पहिली दोन वाक्यं ‘नानांनी डबा घेतला होता, भोंगा झाला होता’ अशी पूर्ण भूतकाळात ठेवायची आणि तिसऱ्यापासून साध्या भूतकाळात उतरायचं: ‘नाना जिना उतरले.’ दोनच वाक्यांत दार उघडतं. पुढेही होता-होता चालू राहिलं तर पानभर उचकी लागल्यासारखं वाटतं, आणि एकदाही नसलं तर दार उघडल्याचंच कळत नाही.

दुसरी गोष्ट खोट्या खुणांची. मी एका पात्राच्या तोंडी ‘व्हीटी’ घातलं आणि खूश झालो, की चला, नाव बदलण्याआधीचा काळ सूचित झाला. पण माझ्या आजूबाजूची निम्मी माणसं आजही व्हीटीच म्हणतात. पात्राच्या बोलण्यावरून काळ ठरत नाही. तो निवेदकाने नाव काय घेतलं यावरून ठरतो, किंवा एखाद्या गोष्टीच्या नसण्यावरून. गिरणीचा भोंगा न वाजलेली सकाळ माझ्यासाठी सगळ्यात चांगली खूण ठरली, कारण ती काळ सांगते आणि घरात पैसे नाहीत हेही सांगते. नुसत्या वस्तू, म्हणजे रंगीत टीव्ही किंवा पेजर, या खुणा सजावटीच्या वाटतात. दर प्रकरणात एक घातली की वाचकाला शोकेस बघितल्यासारखं होतं.

आता या पद्धतीची किंमत. ‘नाना जाऊन सहा वर्षं’ लिहिलं की नाना जाणार हे फुटलं. माझ्या गोष्टीत ते कसे गेले याला महत्त्व होतं, जातात की नाही याला नव्हतं, म्हणून मला चाललं. तुमच्या गोष्टीत तेच रहस्य असेल तर दुसरा खांब शोधावा लागेल किंवा सरळ आकडा बरा. शिवाय प्रकरणांची अदलाबदल महाग पडते. मी एक प्रकरण पुढे आणलं आणि त्यातला दोर अजून न घडलेल्या प्रसंगाला बांधलेला निघाला. आणि काळ तीनऐवजी सहा-सात असतील, किंवा एकाच वर्षातले जानेवारी आणि नोव्हेंबर वेगळे दाखवायचे असतील, तर वय आणि नाती फारशी बदलत नाहीत, दोर बांधायला काही उरत नाही. तिथे मी पाटीला नाक मुरडणार नाही. रोजनिशी किंवा पत्रं असतील तर प्रश्नच नाही, तारीख त्यांच्या अंगचीच असते.

कुठल्या बाजूला जावं हे कळत नसेल तर मी केलं ते करून बघा. प्रत्येक प्रकरणाच्या पहिल्या तीन ओळी, पाटी झाकून, वेगवेगळ्या कागदांवर काढा. पूर्ण खर्डा वाचलेल्या माणसाला ते कागद पिसून द्या आणि ‘कोणतं साल?’ न विचारता ‘या वेळी घरात कोण कोण आहे?’ एवढंच विचारा. माझ्या बावीसपैकी नऊ कागदांवर बहीण अडखळली. त्या नऊच्या सुरुवाती मी पुन्हा लिहिल्या. आठ सुधारल्या.

त्या नवांतलं उरलेलं एक प्रकरण मात्र काही केल्या ऐकेना. तो संपाच्या पहिल्या दिवसाचा प्रसंग, नऊ वर्षांच्या सुधाच्या नजरेतून, आणि तिला अजून कळलेलंच नाही की काही सुरू झालंय. तिच्या बाजूने दोर बांधायला जागाच नव्हती. तिथे मी ‘18 जानेवारी 1982’ लिहून ठेवलं आहे. पुस्तकभरात तेवढी एकच पाटी उरली आहे.