कॉर्व्हरचे ५३.६ टक्के की करीचे ४५.४? शूटर निवडायचा तर कुणाला घेणार

बास्केटबॉलच्या एनबीएत एका सीझनमध्ये थ्री, म्हणजे लांबून मारायचे तीन पॉइंटचे शॉट, मारण्याची सगळ्यात जास्त टक्केवारी कुणाची, हे शोधलंत तर काइल कॉर्व्हरचं नाव येतं. २००९-१० ला युटा जॅझकडून खेळताना ५३.६ टक्के. आणि स्टेफ करीचा तो गाजलेला २०१५-१६ चा सीझन, ज्यात त्याने एका सीझनमध्ये सगळ्यात जास्त थ्री आत घालण्याचा रेकॉर्ड मोडला, त्यात त्याचे ४५.४ टक्के. मग काय, आमच्या ग्रुपवर एकाने लगेच टाकलं, बघा कॉर्व्हर आठ टक्के पुढे, विषय संपला.

विषय तिथे सुरू होतो खरं तर. टक्केवारीच्या मागचे आकडे बघा: कॉर्व्हरने ११० थ्री मारले, ५९ आत गेले. करीने ८८६ मारले, ४०२ गेले. म्हणजे करीने आठपट फेकलेत. कॉर्व्हर ५२ मॅच खेळला, मॅचला जेमतेम दोन थ्री, आणि करी ७९ मॅचमध्ये मॅचला अकरा-बारा.

आता एक छोटा प्रयोग करा. दोघांनाही अजून दहा-दहा शॉट द्या आणि दोघांचेही तीनच जाऊ द्या, म्हणजे एक वाईट रात्र. कॉर्व्हर १२० पैकी ६२, थेट ५१.७ वर उतरला, जवळपास दोन टक्के गेले. करी ८९६ पैकी ४०५, ४५.२, ढिम्म हलला नाही. एका रात्रीत एवढी हलणारी टक्केवारी किती मनावर घ्यायची?

याचा हिशोबही आहे, अवघड नाही. यशाचं प्रमाण गुणिले अपयशाचं प्रमाण (दोन्ही दशांशात), भागिले अटेम्प्ट, त्याचं वर्गमूळ, आणि साधारण त्याच्या दुप्पट अंतर दोन्ही बाजूंना. कॉर्व्हरला वर-खाली साडेनऊ टक्के मिळतात, म्हणजे त्याची खरी ताकद ४४ पासून ६३ पर्यंत कुठेही असू शकते. करीचं अंतर तीन-साडेतीन, म्हणजे ४२ ते ४९. दोन्ही पट्टे एकमेकांत शिरतायत, त्यामुळे ‘कॉर्व्हर नक्की भारी’ असं या दोन सीझनवरून म्हणताच येत नाही. करी भारी होता असंही सिद्ध होत नाही हां, ते उलटं ओढू नका.

मग निवड कशी करायची? मी जे करतो ते सांगतो. दोघांच्याही खात्यात लीगच्या सरासरीने, म्हणजे सुमारे ३५ टक्क्यांनी मारलेले शंभर काल्पनिक शॉट टाकायचे. कॉर्व्हर २१० पैकी ९४ म्हणजे ४४.८, करी ९८६ पैकी ४३७ म्हणजे ४४.३. आठ टक्क्यांचं अंतर अर्ध्या टक्क्यावर आलं! शंभराऐवजी दोनशे टाकले तर करीच पुढे जातो, ४१.६ विरुद्ध ४३.५. किती टाकायचे हा आकडा माझ्या मनाचा आहे हे कबूल, आणि कॉर्व्हरसारख्या मुरलेल्या शूटरला सरसकट लीगच्या सरासरीकडे ओढणं थोडं अन्यायाचंही आहे, त्याच्या स्वतःच्या आधीच्या सीझनांकडे ओढलं पाहिजे. पण पुढे काय झालं बघा, शिकागोला गेल्यावर पुढच्याच सीझनला तो ४१.५ वर आला, आणि अख्ख्या करिअरचे त्याचे ४२.९. म्हणजे ५३.६ हा त्याचा खरा दर कधीच नव्हता, छान शूटरची एक छोटी, लागलेली लाट होती.

अजून एक गंमत. त्या काळी टक्केवारीच्या यादीत यायला सीझनला किमान ५५ थ्री जावे लागायचे, कॉर्व्हर ५९ ने कसाबसा आत आला. आता ती अट ८२ आहे. आजच्या नियमाने तो यादीतच नसता!

आणि शॉटचा प्रकार तर राहिलाच. कॉर्व्हर बहुतेक वेळा स्क्रीनमागून, म्हणजे सहकाऱ्याने डिफेंडरला अडवलं की त्याच्या आडून, मोकळा सुटायचा, पास आला की पाय आधीच सेट, कॅच आणि शूट. करीला ड्रिबलवरून, अंगावर डिफेंडर घेऊन, लाइनच्या बरंच मागून मारायचे असतात, कारण समोरचा कोच त्याला मोकळा सोडतच नाही. अटेम्प्ट वाढले की शॉट अवघड होत जातात, म्हणून ८८६ चे ४५ टक्के आणि ११० चे ५३ टक्के ही एकाच परीक्षेची मार्कं नाहीतच. टीमला काय मिळालं ते मोजा: तेवढेच शॉट सरासरी शूटरने मारले असते त्यापेक्षा करीचे ९२ थ्री जास्त गेले, २७६ पॉइंट. कॉर्व्हरचे वीसेक, म्हणजे साठ-एक पॉइंट.

माझं मत विचाराल तर सीझनभरासाठी करी, डोळे झाकून. पण एकच शॉट आहे, कॉर्नर मोकळा आहे आणि डिफेन्स दुसऱ्या कुणावर धावलाय, तर कॉर्व्हरला बॉल द्यायला माझी काही हरकत नाही, फक्त तो ५३ टक्क्यांनी जाईल असं धरून नाही, चाळीस-पंचेचाळीस धरून.