पाच दिव्यांचा इंडिकेटर विकत घेण्याआधी हे वाचा

शेअर कधी घ्यायचा आणि कधी विकायचा ते सांगणारा जो इंडिकेटर मला १८,००० रुपयांना विकला गेला, त्याचं सगळं आकर्षण एका छोट्या चौकटीत होतं. चार्टच्या कोपऱ्यात पाच दिवे. पाचही लाल झाले की विका, पाचही हिरवे झाले की घ्या. क्लासवाले सर वेबिनारमध्ये पुन्हा पुन्हा सांगायचे, "एका इंडिकेटरवर कोणीही फसेल. पाच जण एकाच वेळी चुकतील का?" हा प्रश्न ऐकून समोरचा माणूस गप्प होतो. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: हे पाच जण वेगवेगळे आहेत. माझी फसवणूक नेमकी तिथे झाली.

दिव्यांची नावं भारदस्त होती. "संस्थात्मक दबाव", "ताकद मीटर", "थकवा रेषा", वगैरे. कोड कुलूपबंद, त्यामुळे आत कुठलं सूत्र आहे ते दिसत नव्हतं. मात्र चार्टवर माउस नेला की प्रत्येक रेषेचा आकडा दिसायचा. एका दिवशी "ताकद मीटर" ८६.४ होता आणि "संस्थात्मक दबाव" उणे १३.६. दुसऱ्या दिवशी ७१.२ आणि उणे २८.८. पहिल्या आकड्यातून १०० वजा करा, दुसरा मिळतो. मागचे कितीही दिवस तपासा, दशांशापर्यंत हेच.

पहिला होता स्टोकॅस्टिक, दुसरा विल्यम्स पर्सेंट आर. स्टोकॅस्टिक सांगतो की गेल्या १४ दिवसांच्या उच्चांक-नीचांकाच्या पट्ट्यात आजचा बंद भाव तळापासून किती वर आहे. विल्यम्स तेच अंतर माथ्यापासून खाली मोजतो. स्टोकॅस्टिक ८० च्या वर गेला की भाव फार चढला असं मानतात, आणि ही ८० ची रेषा म्हणजेच विल्यम्सची उणे २० ची. एक दिवा लागला की दुसरा लागणारच, त्यांचं मतभेद होणं गणितानेच अशक्य आहे. (स्टोकॅस्टिकला तीन दिवसांच्या सरासरीने गुळगुळीत केलं तर आकडे तंतोतंत जुळत नाहीत, पण ती तीच रेषा थोडी उशिरा येते, एवढंच.)

उरलेले तीन म्हणजे आरएसआय, स्टोकॅस्टिक आरएसआय आणि सीसीआय. आरएसआय गेल्या १४ दिवसांतल्या चढीची सरासरी आणि उतरणीची सरासरी तोलतो. भाव पट्ट्याच्या माथ्याशी आला असेल तर बहुतेक वेळा चढीच मोठ्या झालेल्या असतात, म्हणून तोही वरच असतो. स्टोकॅस्टिक आरएसआय तर शेअरचा भाव थेट बघतसुद्धा नाही, आरएसआयचेच आकडे घेऊन त्यांना पुन्हा स्टोकॅस्टिकच्या सूत्रातून काढतो. सीसीआय भाव आपल्या २० दिवसांच्या सरासरीपासून किती लांब गेला ते मोजतो. पाचही दिव्यांचा कच्चा माल एकच, अलीकडचे भाव, आणि प्रश्नही एकच: भाव हल्ली फार वर गेला का? एकाच साक्षीदाराला पाच वेळा पिंजऱ्यात उभं करून पाच साक्षी मोजल्यासारखं हे आहे.

याने नुकसान कसं होतं ते माझ्या सौद्यावरून सांगतो. एका औषध कंपनीच्या शेअरचा १४ दिवसांचा नीचांक १,२१० आणि उच्चांक १,२९० होता, बंद भाव १,२८२. म्हणजे ८० रुपयांच्या पट्ट्यात ७२ रुपये वर, स्टोकॅस्टिक बरोबर ९०. पाचही दिवे लाल. भाव पडेल या अंदाजाने मी फ्युचर विकलं. शेअर चढतच गेला. पुढे बंद भाव १,३४६ झाला तेव्हा पट्टाही वर सरकून १,२४६ ते १,३५६ झाला होता. आता ११० पैकी १००, स्टोकॅस्टिक ९१ च्या आसपास. शेअर ६४ रुपये वर गेला, मीटर जवळपास हलला नाही, आणि पाच दिवे तसेच लाल. जोरदार तेजीत असे इंडिकेटर दिवसेंदिवस माथ्याला चिकटून राहू शकतात. तिथे "पाचपैकी पाच" याचा अर्थ फक्त "तेजी चालू आहे" एवढाच. वेबिनारमध्ये मात्र भाव एका पट्ट्यात वरखाली करत होते असेच चार्ट दाखवले होते, कारण तिथे हे दिवे सुंदर चालतात. तक्रार केल्यावर उत्तर आलं, "तुमची सायकॉलॉजी कमी पडतेय, ॲडव्हान्स बॅच घ्या."

त्याच चार्टवर खाली व्हॉल्यूमच्या, म्हणजे दिवसभरात किती शेअरांचे सौदे झाले त्याच्या काड्या होत्या. चढीच्या दिवशी उंच, उतरणीच्या दिवशी बुटक्या. पाचपैकी एकाही दिव्याच्या सूत्रात व्हॉल्यूम नव्हता. जोसेफ ग्रॅनव्हिल यांनी १९६३ मध्ये लोकांसमोर आणलेला ओबीव्ही हेच मोजतो: आजचा बंद भाव कालच्यापेक्षा वर असेल तर आजचा सगळा व्हॉल्यूम बेरजेत मिळवा, खाली असेल तर वजा करा. मी विकलं त्या दिवशी ओबीव्ही नव्या उच्चांकावर होता. आरएसआय सत्तरच्या वर आणि ओबीव्हीही नव्या उच्चांकावर, अशा वेळी विकायला कारण नसतं. भाव नवा उच्चांक करतो पण ओबीव्ही करत नाही, तेव्हा सावध व्हायला जागा असते. म्हणून मी आता एवढे दोनच ठेवतो. एक भावाचा वेग सांगतो, दुसरा त्यामागे किती उलाढाल आहे ते. बोलिंजर बँडवाले जॉन बोलिंजरही हेच सांगत आले आहेत की वेग मोजणारे दोन इंडिकेटर एकापेक्षा सरस ठरत नाहीत, वेगाच्या जोडीला व्हॉल्यूमचा घ्यावा.

ओबीव्हीलाही मर्यादा आहेत. भाव पाच पैशांनी वर बंद झाला तरी तो अख्ख्या दिवसाचा व्हॉल्यूम मिळवतो, त्यामुळे एखाद्या मोठ्या ब्लॉक डीलने रेषा उगीच उडी मारते. ती तारीख डोळ्यांनी पाहूनच ठरवावं लागतं. दिशा बंद भावावरूनच ठरत असल्याने तो आरएसआयपासून पूर्ण सुटाही नाही. तरी व्हॉल्यूमची माहिती त्याच्याकडे आहे, त्या पाचांकडे नव्हती.

कोणी तुम्हाला असा संच विकत असेल तर पैसे देण्याआधी एक्सेलमध्ये तपासा. एनएसईच्या साइटवरून शेअरचे जुने भाव उतरवा आणि जुनी तारीख वर येईल असे लावा. सी रकान्यात उच्चांक, डी मध्ये नीचांक, ई मध्ये बंद भाव ठेवा. मग पंधराव्या ओळीत जी आणि एच रकान्यांत ही सूत्रं घालून खाली ओढा, आणि दोन रकाने किती जुळून चालतात ते सांगणारं शेवटचं सूत्र वेगळ्या चौकटीत टाका:

```
=(E15-MIN(D2:D15))/(MAX(C2:C15)-MIN(D2:D15))*100
=(E15-MAX(C2:C15))/(MAX(C2:C15)-MIN(D2:D15))*100
=CORREL(G15:G250,H15:H250)
```

शेवटचं उत्तर १ येईल. म्हणजे दुसऱ्या रकान्यात नवं काहीच नाही. विकणाऱ्याच्या दिव्यांचे आकडे चार्टवरून उतरवून हीच परीक्षा घेता येते. ओबीव्ही तपासताना मात्र थेट रेषा न घेता तिच्यातला १४ दिवसांचा फरक घ्या. ती वाढत जाणारी बेरीज असल्याने थेट आकड्यांची तुलना दिशाभूल करते.

आणि एक. पावतीवर "शैक्षणिक शुल्क" लिहून रोज सौदे सांगणाऱ्याकडे सेबीचा नोंदणी क्रमांक मागा. रिसर्च अ‍ॅनालिस्टचा INH ने सुरू होतो, गुंतवणूक सल्लागाराचा INA ने, आणि दोन्ही याद्या सेबीच्या संकेतस्थळावर तपासता येतात. माझ्या पावतीवर क्रमांकच नव्हता. सेबीचं स्कोअर्स पोर्टल नोंदणी असलेल्यांविरुद्धच्या तक्रारींसाठी आहे, म्हणून मी ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली. सोबत पावती, वेबिनारचे स्क्रीनशॉट आणि त्या दोन रकान्यांची एक्सेल फाइल जोडली आहे.