हप्ता तोच, कर्ज मात्र वाढलं: गृहकर्जाचा दोन वर्षांचा अनुभव

एप्रिल 2022 मध्ये जळगावातल्या घरासाठी 20 लाख घेतले. 25 वर्षं, बदलता दर, तेव्हा 6.7 टक्के, हप्ता 13,755. पुढे दर वाढत गेले, पण माझा हप्ता जागचा हलला नाही. ऑफिसातल्यांचे हप्ते वाढले तेव्हा मला वाटलं, आपली बँक चांगली निघाली. चार जणांना तीच सुचवलीसुद्धा. ते शब्द आता मागे घेतो.

मार्च 2024 अखेर करासाठी व्याजाचा दाखला काढला. वर्षभरात मुद्दल परतफेड: शून्य. शिल्लक 20,12,700. चोवीस हप्ते, म्हणजे सव्वातीन लाखांच्या वर भरले होते, आणि देणं घेतल्यापेक्षा जास्त! वडिलांनी कागद हातात घेतला आणि एवढंच विचारलं, "एवढा पैसा कथा गया?"

रात्री बसून उतारा ओळीने वाचला. महिन्याचं व्याज म्हणजे शिल्लक गुणिले दर भागिले 1200. पहिल्या महिन्यात ते 11,167 होतं, म्हणून अडीच हजार मुद्दलात गेले. ऑक्टोबर 2022 मध्ये दर 8.6 झाला आणि व्याज 14,253 झालं. हप्ता पाचशेने तोकडा पडला. ते पाचशे कुणी मागितले नाहीत, मुद्दलात मिळवून टाकले. एप्रिल 2023 पासून दर 9.2, तूट महिन्याला दीड हजार, आणि त्या तुटीवरही व्याज. एकही हप्ता चुकला नव्हता, त्यामुळे कधी फोनही आला नाही.

शाखेत म्हणाले, "साहेब, तुमच्या सोयीसाठी मुदत वाढवली." इथेच माझं डोकं फिरलं. हप्ता व्याजालाही पुरत नसेल तर मुदत शंभर वर्षं केली तरी कर्ज फिटत नाही. ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने सांगितलंय की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा, आणि मुदत वाढवून शिल्लक फुगू देऊ नका. मला एक ओळीचा मेसेजही आला नाही.

आधी दरवाढीवरच राग होता. तो आता नाही, बदलता दर मीच घेतला होता. राग गप्प बसण्याचा आहे. ऑक्टोबरातच सांगितलं असतं तर हजार रुपये जास्त मी तेव्हाही भरले असते.

जुन्या हप्त्यात शिल्लक नुसती थांबवायची तरी सव्वादोन लाख एकरकमी लागत होते. एवढे कुठून आणणार? कापसाचे पन्नास हजार आले होते ते भरले (बदलत्या दराच्या गृहकर्जाला मुदतपूर्व भरण्याचा दंड नाही) आणि उरलेल्या 23 वर्षांसाठी हप्ता 17,128 करून घेतला. अर्ज दोनदा द्यावा लागला.

तुमचंही बदलत्या दराचं कर्ज असेल तर हप्ता गुणिले 1200, भागिले शिल्लक करून बघा. माझं उत्तर आलं होतं 8.2, आणि दर होता 9.2. दर त्या आकड्याच्या वर असेल तर शिल्लक वाढतेय.

सहा हप्ते झाले. शिल्लक साडेएकोणीस लाखांवर आलीय. दर महिन्याच्या पाच तारखेला उताऱ्यातला मुद्दलाचा रकाना आधी बघतो.