फरक शून्य आला, तरी बजेट लगेच पाठवू नका: तपासणी यादीचा वर्षभराचा अनुभव

सोसायटीचं अंदाजपत्रक सभासदांना पाठवण्याआधी तपासायची एक पानी यादी आता बऱ्याच खजिनदारांकडे असते. आम्हाला ती ऑडिटरच्या ऑफिसातून मिळाली. बारा मुद्दे आहेत आणि फुकट आहे. सिंहगड रोडवरच्या आमच्या ७२ फ्लॅटच्या सोसायटीत मी ती वर्षभर वापरते आहे. आधीचं मत आणि आजचं मत यांत बराच फरक पडला, म्हणून सविस्तर लिहिते.

सुरुवातीला मी चौथ्या मुद्द्याच्या प्रेमात होते. चौथा मुद्दा म्हणजे आडव्या बेरजांची बेरीज आणि उभ्या बेरजांची बेरीज एकच येते का, हे पाहणं. आमच्या एक्सेल शीटमध्ये ४ ते ९ या ओळींत सुरक्षा, सफाई, लिफ्ट, टँकर, सामायिक वीज आणि किरकोळ दुरुस्ती आहे. B ते E मध्ये चार तिमाह्या, F मध्ये आडवी बेरीज आणि दहाव्या ओळीत उभी. खाली एका सेलमध्ये हे टाकायचं:

```
=SUM(F4:F9)-SUM(B10:E10)
```

उत्तर शून्य यायला हवं. मार्चमध्ये ते ९६,००० आलं. आडव्या बाजूने एकूण २८,३५,००० आणि उभ्या बाजूने २७,३९,०००. फरक असा नेमका आला की आधी तोच आकडा शीटमध्ये शोधायचा, असं यादीत लिहिलंय. शोधला, तर एप्रिल-जूनच्या टँकरच्या सेलमध्ये ९६,००० बसलेले होते. रक्कम बरोबर, जागा बरोबर, फक्त तो आकडा नव्हता, मजकूर होता. आमचे हिशेब ठेवणाऱ्या एजन्सीने तो आपल्या सॉफ्टवेअरमधून उचलून चिकटवला होता. SUM मजकुराकडे ढुंकूनही पाहत नाही. पण एजन्सीची आडवी बेरीज =B7+C7+D7+E7 अशी अधिकच्या चिन्हाने केलेली होती आणि ते चिन्ह अशा मजकुराला आकडा समजून मिळवून घेतं. म्हणून एक बाजू भरली, दुसरी रिकामी राहिली.

डोळ्यांना यातलं काहीच दिसत नव्हतं. मजकूर एरवी सेलमध्ये डावीकडे सरकतो, पण इथे सगळे आकडे मधोमध लावलेले होते. कोपऱ्यातली हिरवी खूणही कुणीतरी Ignore Error म्हणून आधीच घालवून टाकली होती. आणखी एक त्रास म्हणजे सेलचा फॉरमॅट Number केला तरी मजकूर मजकूरच राहतो. आकडा पुन्हा टाइप करावा लागतो, किंवा १ असलेला सेल कॉपी करून Paste Special मधून Multiply करावं लागतं.

त्या दिवशी मी या यादीला पैकीच्या पैकी गुण दिले असते. टँकरचे ९६,००० गळले असते, तर दर फ्लॅटमागे महिन्याला १११ रुपये कमी आकारले गेले असते आणि टँकरवाल्याचं बिल काही थांबत नाही.

पण सुधारित अंदाजपत्रकाच्या वेळी चित्र पालटलं. मी मार्चमध्ये तक्रार केल्यावर एजन्सीने 'सुधारणा' म्हणून आडव्या बेरजाही SUM ने करून दिल्या. शीट आली, फरकाच्या सेलमध्ये स्वच्छ शून्य. आमचे सेक्रेटरी काका म्हणाले, "अगं, जुळलंय ना सगळं? मग टाक की ग्रुपवर!" मी म्हटलं, "काका, पान संपू दे." नवव्या मुद्द्यावर आले आणि जानेवारी-मार्चच्या सुरक्षेचे १,४४,००० मजकूर निघाले. या वेळी आडवी बेरीजही त्यांना सोडून देत होती आणि उभीही. दोन्ही बाजू सारख्याच चुकल्या, त्यामुळे फरक शून्य. दर फ्लॅटमागे महिन्याला साधारण १६७ रुपयांचा खड्डा पडला असता आणि शीटवर सगळं जुळलेलं दिसलं असतं.

नववा मुद्दा असा आहे:

```
=COUNTA(B4:E9)-COUNT(B4:E9)
```

COUNTA भरलेले सगळे सेल मोजतं, COUNT फक्त आकडे. फरक शून्य नसेल, तर आकड्यांच्या जागेत आकडा नसलेलं काहीतरी आहे. खर्च नाही म्हणून कुणी नुसती रेघ ओढली असेल तर तीही इथे पकडली जाते, म्हणून रेघेऐवजी ० लिहायचं. बास, एवढंच. हा मुद्दा नववा का ठेवला, याचा मला खरंच राग आहे. आधी आकडे हे आकडे आहेत का ते पाहायचं आणि मगच बेरजा जुळवायच्या. यादी करणाऱ्याने क्रम उलटा लावलाय. चौथ्या मुद्द्यावर शून्य दिसलं की समितीतली माणसं पुढचे मुद्दे वाचत नाहीत, हा अनुभव मी स्वतः घेतलाय.

या दोन्ही मुद्द्यांना एक मर्यादा आहे. लिफ्टच्या देखभालीचे ८६,४०० कुणी ६८,४०० लिहिले, तर आडवी-उभी बेरीज त्याच चुकीच्या आकड्यावर बिनबोभाट जुळते. ते करारपत्र समोर ठेवूनच सापडतं. तिथे मूळ कागदाशी १८,००० चा फरक दिसला आणि त्याला ९ ने भाग गेला, तर आधी अंक उलटसुलट झालेत का ते पाहायचं. पण ९ ने भाग जाणारा प्रत्येक फरक तसाच असतो असं नाही, एखादी नोंद सुटल्यानेही तो येऊ शकतो.

अकरावा मुद्दा मी आधी किरकोळ समजत होते, आता समजत नाही. २८,३५,००० भागिले ७२ फ्लॅट भागिले १२ महिने म्हणजे ३,२८१.२५. शीट दाखवते ३,२८१, कारण दशांश लपवलेले आहेत. सभासद कॅल्क्युलेटरवर ३,२८१ गुणिले ७२ गुणिले १२ करतात, त्यांना २८,३४,७८४ येतात. २१६ रुपये कुठे गेले, यावर आमच्याकडे वार्षिक सभेत चहा गार होईपर्यंत चर्चा चालू शकते. यादी सांगते की दर ROUND ने खरोखरच पूर्णांकात आणा आणि उरलेले २१६ 'तूट' म्हणून वेगळ्या ओळीत दाखवा. आम्ही तसंच केलं, एकही प्रश्न आला नाही.

एक उणीव अजून खटकते. नवीन खर्चाची ओळ बेरजेच्या लगेच वर घातली, तर SUM ची व्याप्ती कधी आपोआप वाढते, कधी नाही. यादी 'सूत्रे तपासा' एवढंच म्हणते. मी बेरजेच्या वर एक रिकामी ओळ ठेवून तीही व्याप्तीत घेतलीय, म्हणजे नवी ओळ नेहमी आतच पडते. COUNT च्या सूत्रातही तीच ओळ घ्यायची.

पैशांचं म्हणाल, तर एजन्सीला पुन्हा तपासायला सांगितलं की ती वेगळे पैसे मागते, आणि चूक तिचीच असते. चार पानी पत्रक ७२ घरांना पुन्हा छापून द्यायचं म्हणजे २८८ पानं. यादीला खर्च शून्य आणि वेळ फार तर अर्धा तास. मी पाचपैकी चार देते. पाचवा गुण क्रमासाठी कापलाय, आणि सूचनेच्या पत्रातल्या आकड्यांबद्दल यादीत एक ओळही नाही म्हणून. पत्रात 'एकूण अंदाजित खर्च रुपये अमुक' हे हाताने टाइप केलेलं असतं, शीट बदलली की ते बदलत नाही. आमच्याकडे सुधारित शीटसोबत मार्चचंच पत्र जाणार होतं. तेरावा मुद्दा म्हणून मी पेनने लिहिलंय : पीडीएफ तयार झाल्यावर पत्रातली एकूण रक्कम, दर फ्लॅटचा आकडा आणि अक्षरी रक्कम शीटशी ताडून पाहणे.