महिन्याची कॅरोसेल एका बैठकीत, दर आठवड्याला, की अर्धी-अर्धी?

पैठणी विकणारं एक छोटं दुकान उदाहरणाला घेऊ. दोन माणसं दुकान चालवतात आणि इन्स्टाग्रामही तेच सांभाळतात. दर मंगळवारी आणि शुक्रवारी एक कॅरोसेल टाकायचं ठरलं आहे. नोव्हेंबर २०२६ मध्ये असे आठ दिवस येतात: ३, ६, १०, १३, १७, २०, २४ आणि २७. दिवाळी ८ तारखेला आहे आणि त्यामागून लग्नाची खरेदी सुरू होते. म्हणून महिन्याचा मुख्य विषय एकच ठेवला, ‘पैठणी घेताना काय पाहावं’. एका कॅरोसेलच्या सात स्लाइड धरल्या तर आठांच्या छप्पन्न होतात.

हे काम तीन रीतींनी करता येतं. पहिली रीत म्हणजे एक-दोन दिवस बसून सगळं लिहायचं, सजवायचं आणि शेड्यूल करून मोकळं व्हायचं. दुसऱ्या रीतीत दर आठवड्याला त्या आठवड्याची दोन करायची. तिसऱ्या रीतीत लिखाण आणि फोटो महिन्याचे एकदम करायचे, डिझाइन मात्र पंधरा-पंधरा दिवसांचं. दोन माणसांच्या दुकानाला आम्ही तिसरी सुचवू. पण पहिल्या दोन कुठे अडतात हे कळल्याशिवाय तिसरीचा उपयोग ध्यानात येत नाही.

आधी विषयाचे तुकडे

रीत कोणतीही निवडा, विषय नीट फोडला नसेल तर ती चालत नाही. नियम साधा आहे: गिऱ्हाईक गादीसमोर बसून जो प्रश्न तोंडाने विचारतं, त्याचं एक कॅरोसेल. ‘ही हातमागाची कशावरून?’ हा प्रश्न आहे. ‘पैठणीचा इतिहास’ हा प्रश्न नाही, तो यादीतून काढा. असे दहा-बारा प्रश्न लिहून त्यातले सहाच घ्यायचे. आठ जागा, सहा प्रश्न. उरलेल्या दोन जागा मुद्दाम रिकाम्या ठेवायच्या, कारण पुढे येईलच.

कॅलेंडरला गूगल शीट्सचं एक पान पुरतं:

| तारीख | गिऱ्हाइकाचा प्रश्न | लागणारे फोटो |
|---|---|---|
| ३, मंगळ | हातमागाची कशावरून ओळखायची? | पदराची मागची बाजू, दोन्ही प्रकारची |
| ६, शुक्र | सिल्क मार्क आहे, मग झालं ना? | लेबल जवळून |
| १०, मंगळ | नेसून झाल्यावर ठेवायची कशी? | घडी, सुती कापड |
| १३, शुक्र | मुनिया आणि नारळी काठात फरक काय? | दोन काठ शेजारी |
| १७, मंगळ | रिकामी | |
| २०, शुक्र | एकधोटी म्हणजे काय, कडियल म्हणजे काय? | काठ आणि अंगाचा सांधा |
| २४, मंगळ | रिकामी | |
| २७, शुक्र | सेमी पैठणी घ्यावी का? | तेच रंग, दोन साड्या |

याला आणखी तीन रकाने जोडा: पहिली स्लाइड, शेवटची स्लाइड आणि स्थिती. स्थितीत ‘लिहिलं’, ‘फोटो आला’, ‘तपासलं’, ‘लावलं’ एवढे चार शब्द पुरेत. वीस रकान्यांचं कॅलेंडर दुसऱ्या आठवड्यात कोणी उघडत नाही.

एका बैठकीत सगळं

वेळेचा हिशेब पाहिला तर ही रीत सगळ्यांत स्वस्त आहे. फोटोंना अर्धा दिवस, लिखाणाला तीन-चार तास, डिझाइनला साधारण तेवढेच आणि शेड्यूल करायला एक तास. प्रोफेशनल खात्यावरून इन्स्टाग्रामच्या अ‍ॅपमध्येच ७५ दिवस पुढचं शेड्यूल करता येतं, त्यामुळे वेगळ्या साधनाची गरज नाही.

वेळ वाचतो तो फोटोंमध्ये. सहा कॅरोसेलसाठी साड्या एकदाच उलगडायच्या, खिडकीजवळ एकदाच पांढरी चादर अंथरायची आणि त्या उजेडात सगळं काढून घ्यायचं. दर आठवड्याला हेच केलं की एका आठवड्यात ऊन असतं, दुसऱ्यात ट्यूबलाइट, आणि तोच मोरपंखी रंग दोन पोस्टमध्ये दोन वेगळे रंग दिसतो. साडीच्या दुकानाला हे परवडणारं नाही.

अडचण दोन ठिकाणी येते. पहिली म्हणजे चौथ्या-पाचव्या कॅरोसेलपासून लिहिणारा थकतो आणि सुरुवात सगळीकडे एकच होऊ लागते. ओळखायला सोपं आहे. शीटमध्ये फक्त ‘पहिली स्लाइड’ हा रकाना वरून खाली वाचा. सहापैकी तीन ओळी ‘तुम्हाला माहीत आहे का’ने सुरू होत असतील तर ते तीन परत लिहायला लागतील.

दुसरी अडचण महागात पडते. टेम्पलेट एकच असल्याने त्यातली चूक सगळ्या फाइलींत उतरते. मराठीत ती हमखास फाँटमध्ये असते. ‘खऱ्या’, ‘दुसऱ्या’ हे शब्द काही फाँटमध्ये मोडतात: ‘ऱ्या’ जुळत नाही, र पाय मोडून वेगळा दिसतो. कॅनव्हात इंग्रजीपुरता फाँट निवडला असेल तर देवनागरी अक्षरं दुसऱ्याच फाँटमध्ये जातात आणि जाडी बदलते. ओळींमधलं अंतर इंग्रजीइतकंच ठेवलं तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत घुसतात. मुक्ता किंवा बालू २ घ्या, ओळींचं अंतर १.४ च्या आसपास ठेवा आणि बाकीचं करण्याआधी ‘खऱ्या पैठणीच्या दुसऱ्या बाजूला’ ही ओळ टाकून एक स्लाइड फोनवर पाहा. पोस्ट एकदा गेली की तिच्यातला फोटो बदलता येत नाही. मजकूर दुरुस्त होतो, एखादी स्लाइड काढून टाकता येते, पण चुकीच्या स्लाइडच्या जागी बरोबर स्लाइड घालता येत नाही.

दर आठवड्याला दोन

हिचा फायदा खरा आहे. ३ तारखेच्या कॅरोसेलखाली ‘मागे जाळी लावलेली असेल तर कसं ओळखायचं?’ असं चार जणांनी विचारलं तर पुढच्याच आठवड्यात त्याचं उत्तर देता येतं. महिन्याचं सगळं आधीच लावून बसलेल्याला हा प्रश्न दिसतो, पण जागा नसते.

पण दुकानात ही रीत टिकत नाही, आणि कारण आळस नाही. दर आठवड्याला विषय ठरवणं, फोटो, लिखाण, डिझाइन, तपासणी ही पाचही कामं थोडी थोडी करावी लागतात, आणि प्रत्येक वेळी साड्या काढणं-ठेवणं आलंच. दिवाळीच्या आठवड्यात गल्ल्यावर गर्दी असताना १० तारखेचं कॅरोसेल चुकतं. मग त्या जागी घाईने ‘शुभ दीपावली’चं चित्र जातं आणि विषयाचा धागा तुटतो. ज्यांच्याकडे या कामाला वेगळा माणूस आहे, त्यांनी मात्र हीच रीत घ्यावी.

लिखाण महिन्याचं, डिझाइन पंधरवड्याचं

यात ऑक्टोबरच्या शेवटी दोन बैठका. एकीत सगळे फोटो, दुसरीत सहाही कॅरोसेलचं लिखाण शीटमध्येच. डिझाइन फक्त पहिल्या चारांचं. उरलेल्या दोघांचं आणि १७ च्या रिकाम्या जागेचं डिझाइन १४-१५ तारखेला, तोवर आलेल्या प्रश्नांकडे पाहून.

लिखाणाची रीत एका कॅरोसेलवर पाहू. ३ तारखेचं असं उतरतं:

१. पदर उलटा करून पाहिलात?
२. हातमागाच्या पैठणीत मागची नक्षीही पुढच्यासारखीच रेखीव दिसते. (फोटो)
३. यंत्रमागावरच्या साडीत मागे सुटे धागे लोंबतात. (फोटो)
४. कारण हातमागावर विणकर प्रत्येक रंगाचा धागा नक्षीपुरताच फिरवतो आणि शेजारच्या धाग्यात अडकवतो. यंत्रावर तो धागा मागून पुढे जात राहतो.
५. मागचे धागे कापलेले असले तर नक्षीच्या कडेला बारीक टोकं बोटाला लागतात.
६. पदराचा एकच मोर निवडा. मोबाइलचा टॉर्च लावा, दोन्ही बाजू पाहा.
७. खरेदीला जाताना लागेल, सेव्ह करून ठेवा.

दुसरी स्लाइड एकटी वाचूनही अर्थ लागतो, हे मुद्दाम केलं आहे. पहिल्या वेळी पुढे न सरकवलेल्या माणसाला इन्स्टाग्राम कधी कधी तेच कॅरोसेल दुसऱ्या स्लाइडपासून दाखवतं. तिथे ‘चला तर मग पाहू’ असलं वाक्य असेल तर ती संधी गेली. आणि ६ तारखेच्या कॅरोसेलला हेच पुढे नेता येतं: सिल्क मार्क रेशीम शुद्ध असल्याचं सांगतो, साडी हातमागाची आहे असं सांगत नाही, म्हणून पदर उलटावाच लागतो. एका विषयातून महिना काढण्याचा अर्थ हा. एकाचं उत्तर दुसऱ्याला प्रश्न पुरवतं.

स्लाइडवर पंचवीस शब्दांपेक्षा जास्त नको. मोजायला `LEN` वापरू नका, ते काने-मात्रेही मोजतं आणि ‘पैठणी’ला पाच म्हणतं. शब्द मोजा:

```
=COUNTA(SPLIT(D2," "))
```

स्लाइडचा आकार १०८०×१३५० ठेवा आणि सातही त्याच आकारात काढा. पहिल्या स्लाइडचा आकार बाकीच्यांना लागू होतो, त्यामुळे मध्येच एक चौकोनी फोटो घातला तर तो वेडावाकडा कापला जातो, आणि पैठणीत कापला जातो तो नेमका काठ.

रिकाम्या जागा कशाने भरायच्या

१४ तारखेला आधीच्या चार कॅरोसेलखालचे प्रश्न शीटमध्ये उतरवून घ्या, मेसेजमध्ये आलेलेही. ज्यावर दोघा-तिघांनी विचारलं तो १७ ला. २४ साठी घाई नको, त्यासाठी २१ पर्यंत थांबता येतं. प्रश्नच आले नाहीत तर यादीतले बाजूला ठेवलेले घ्यायचे, उदाहरणार्थ ‘बांगडी मोर म्हणजे कोणता?’.

एक काळजी मात्र पहिल्या आणि तिसऱ्या, दोन्ही रीतींत लागते: किंमत आणि ‘ही साडी उपलब्ध आहे’ असलं काहीही कॅरोसेलच्या स्लाइडवर लिहू नका. पंधरा दिवस आधी लावलेल्या स्लाइडवरची साडी पोस्ट पडेपर्यंत विकलेली असते, आणि चित्रातला आकडा बदलता येत नाही. तो भाग स्टोरीत, त्याच दिवशी.