सेकंडहँड कनेक्टेड कार, चौदा महिने: चाबी माझ्याकडे, ॲप आधीच्या मालकाकडे

गाडी यवतमाळच्या एका डीलरकडून घेतली, दोन वर्षं वापरलेली. माझं कृषी केंद्र आहे दारव्ह्याच्या पुढे, त्यामुळे धावणं सगळं गाव, जिनिंग, बँक, यवतमाळ असंच. ॲव्हरेज आणि सस्पेन्शनवर लोकांनी भरपूर लिहिलंय, मला तक्रार नाही. मी लिहितोय ते गाडीच्या आत कंपनीनेच बसवून दिलेल्या सिमबद्दल. ते आहे हे मला तीन महिने माहीतच नव्हतं.

कापसाच्या सीझनमध्ये एक फोन आला. "काका, नागपूरवरून बोलतो. तुमची गाडी आधी माझी होती. तिचे नोटिफिकेशन अजून माझ्याच मोबाइलवर येऊन राहिले. सकाळी जिनिंगवर चार तास उभी होती ना?" उभी होती. पोरगा सरळ होता म्हणून त्याने सांगितलं. वर म्हणाला, "लॉक-अनलॉकपण होते इथून, करून दाखवू?" मी दुकानाच्या पायरीवर, गाडी समोर. खट्ट आवाज आला आणि इंडिकेटर दोनदा चमकले.

मग त्याने ट्रिपचे स्क्रीनशॉट पाठवले. प्रत्येक फेरीला कुठून निघाली, कुठे थांबली, किती किलोमीटर, जास्तीत जास्त वेग, जोरात ब्रेक किती वेळा, गाडी जागेवर चालू किती मिनिटं. एक फेरी पाहून काही वाटत नाही. तीन महिन्यांच्या एकाखाली एक पाहिल्या की माणूस उघडा पडतो. दुकान कधी बंद होतं, भरणा घेऊन बँकेत कोणत्या वारी जातो, घराला कुलूप कधी असतं, सगळं त्यात. दर गुरुवारी रात्री साडेनऊ ते पावणेबारा गाडी एकाच गोठ्याजवळ उभी. घरी मी सांगत होतो की लाइन रात्रीची आहे, ओलिताला गेलो होतो. गोठ्यात पत्ते चालतात हे त्या नागपूरच्या पोराने बरोबर ओळखलं असणार.

ड्रायव्हिंग स्कोअर १०० पैकी ६१. आमच्या रस्त्यावर संध्याकाळी गुरं परततात, खड्डे आहेतच, ब्रेक जोरातच लागतो. गाडीतल्या सेन्सरला झटका कळतो, गोऱ्हा कळत नाही. हा आकडा उद्या कोणी विम्यासाठी वापरला तर? अमेरिकेत असं झालंय. जनरल मोटर्सने चालकांची अशीच माहिती विम्याचं मूल्यमापन करणाऱ्या कंपन्यांपर्यंत पोचवली म्हणून एफटीसी या तिथल्या ग्राहक संरक्षणाच्या सरकारी संस्थेने २०२५ च्या जानेवारीत कारवाई केली.

पहिल्यांदा मी जे केलं ते चुकीचं होतं, आणि बहुतेक जण तेच करतील. स्क्रीनवर फॅक्टरी रीसेट मारला. त्याने ब्लूटूथने ओढून घेतलेले कॉन्टॅक्ट, कॉल लिस्ट, नकाशात शोधलेली जुनी ठिकाणं गेली. म्हणजे गाडीच्या पोटातलं गेलं. ट्रिप मात्र कंपनीच्या सर्व्हरवर असतात आणि त्या खात्याला जोडलेल्या असतात. खातं होतं नागपूरच्या नंबरावर. आरटीओत फॉर्म २९ आणि ३० भरून आरसी माझ्या नावावर झाली होती, पण आरसी बदलली म्हणून कंपनीच्या ॲपमधला मालक आपोआप बदलला नाही.

दुसरं, त्याने ॲप मोबाइलमधून काढून टाकलं. त्यानेही खातं तसंच राहतं, परत टाकलं की गाडी परत दिसते. शेवटी त्याच्याकडून ॲपमध्ये "गाडी काढा" करून घेतलं, त्याच्या बायकोला दिलेला शेअर वेगळा काढायला लावला, आणि मग मी माझ्या नंबरवर नोंदणी केली. कंपनीने आरसी आणि ओळखपत्र मागितलं. मी शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार दिलं, चाललं.

आता खातं माझं, म्हणून मी मोबाइलमध्ये ॲपची लोकेशन परवानगी बंद केली आणि निवांत झालो. तिसऱ्या दिवशी ट्रिप हजर! कारण उघड आहे, पण तेव्हा सुचलं नाही. गाडीला स्वतःचं जीपीएस आहे आणि स्वतःचं सिम आहे, माझा फोन घरी राहिला तरी तिला फरक पडत नाही. खरा स्विच गाडीच्या स्क्रीनवरच निघाला, सेटिंगमध्ये कनेक्टेड सेवांच्या आत, प्रायव्हसीखाली. तिथे लोकेशन शेअरिंग आणि ड्रायव्हिंगची माहिती असे दोन वेगळे पर्याय होते. मी आधी पहिलाच बंद केला, तर जागा गेली पण स्कोअर येतच राहिला.

तपासताना एक फसगत झाली ती सांगतो, कारण ती खेड्यातच होते. स्विचला हात लावायच्याही आधी, परवानगी बंद केल्यावर दोन दिवस गावातल्या फेऱ्या ॲपमध्ये आल्या नव्हत्या आणि मी खूश होतो. तिसऱ्या दिवशी यवतमाळला गेलो, बसस्टँडच्या जवळ टनटन करत सगळ्या एकदम आल्या. आमच्याकडे रेंज नसते, तेव्हा गाडी माहिती स्वतःजवळ साठवते आणि रेंज मिळाली की ओतते. म्हणून स्विच बंद केल्यावर दोनचार दिवस गाडी चालवा, चांगल्या रेंजमध्ये अर्धा तास उभी करा, मगच ॲप पाहा.

किंमत मोजावी लागते. लोकेशन बंद केल्यावर चोरी झाली तर गाडी शोधणं आणि हद्द ओलांडल्याचा अलर्ट, दोन्ही गेले. माझ्या गाडीत एसओएस बटणाचा कॉल लागतो, पण ठिकाण सोबत जाईल याची खात्री सर्व्हिस सेंटरने दिली नाही. म्हणून मी लांबच्या प्रवासाला, नागपूर-अकोला वगैरे, लोकेशन चालू करतो आणि परतल्यावर बंद. इंजिन-बॅटरीची माहिती तरीही जातेच, तिला स्विच दिसला नाही.

आधी साठलेलं मिटवायला ॲपमध्ये एकेक ट्रिप डिलीट होत होती, पण ते आपल्या डोळ्यासमोरून जाणं झालं. सर्व्हरवरचं जावं म्हणून कंपनीच्या प्रायव्हसी पॉलिसीत दिलेल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला. चेसिस नंबर सतराही अक्षरांसह, नोंदणीचा मोबाइल नंबर, आरसीची प्रत, आणि स्पष्ट तीन मागण्या: काय काय साठवलंय ते सांगा, कोणाला दिलंय ते सांगा, ट्रिप आणि ड्रायव्हिंगचा इतिहास मिटवा. २०११ च्या आयटी नियमांत अशा तक्रारीला एक महिन्याची मुदत आहे, ती ईमेलमध्ये लिहिली. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात मिटवून मागण्याचा हक्क आहे, पण त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि हा भाग लागू व्हायला त्यापुढे दीड वर्ष ठेवलंय, म्हणून त्याच्या नावाने धमकावण्यात अर्थ नव्हता.

पहिलं उत्तर छापील आलं, "ॲप अपडेट करा". तोच ईमेल पुन्हा पाठवला. तेविसाव्या दिवशी उत्तर आलं की ट्रिप आणि स्कोअर मिटवले, सर्व्हिस आणि वॉरंटीच्या नोंदी ठेवल्या आहेत. कोणाला दिलं, यावर एक ओळ: "सेवा पुरवणारे भागीदार". नावं नाहीत. ते भांडण अजून चालू आहे.

हे सगळं फक्त गाडीच्या सिमचं. फोन जोडून स्क्रीनवर नकाशा लावला तर तो इतिहास फोनमधल्या नकाशाच्या खात्यात जातो, तो तिथून वेगळा बंद करावा लागतो.

मागच्या महिन्यात नागपूरच्या पोराला फोन करून मुद्दाम जुन्या खात्यात लॉगिन करायला लावलं. म्हणाला, "गाडी नाही दिसत काका. खाली निस्तं 'गाडी जोडा' लिहून येते." मग म्हणाला, "गुरुवारचं चालू हाय का अजून?"